ओपीडी रजिस्टरवरून महिन्याचा रोगनिहाय अहवाल कसा काढायचा

प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले त्या पहिल्याच महिन्यात माझ्यापुढे ओपीडीचं रजिस्टर ठेवलं आणि सांगितलं, यातून रोगनिहाय आकडे काढून तालुक्याला पाठवा. मी रजिस्टर उघडलं, वरून खाली मोजत गेले आणि कुत्रा चावलेले रुग्ण ३१ असं लिहून पाठवलं. दोन दिवसांनी तालुक्याहून फोन आला की एवढ्या केसेस आहेत तर लशीची मागणी तेवढी का नाही? पुन्हा नावं लावून पाहिलं तेव्हा कुत्रा चावलेली माणसं ११ निघाली. बाकीच्या २० नोंदी त्याच माणसांच्या, किंवा आधीच्या महिन्यात चावलेल्यांच्या, पुढच्या डोसच्या होत्या.

बेरीज बरोबर होती, पण काय मोजायचं हेच मी ठरवलं नव्हतं. त्यानंतर पाच वर्षं हे काम करते आहे. ज्यांना ते नव्याने करायचं आहे, त्यांच्यासाठी माझी पद्धत इथे लिहिते.

जवळ काय हवं

- त्या महिन्याचं ओपीडी रजिस्टर (दोन असतील तर दोन्ही, रात्रीच्या आणि रविवारच्या रुग्णांचं बऱ्याचदा वेगळं असतं)
- लॅबचं रजिस्टर आणि इंजेक्शन-ड्रेसिंगचं रजिस्टर
- अहवालाचा कोरा फॉर्म, आणि सोबत सूचनांचं पान असेल तर तेही
- मागच्या महिन्याच्या पाठवलेल्या अहवालाची प्रत
- आखलेले मोठे कागद, पट्टी, पेन्सिल, दोन रंगांची पेनं, कॅल्क्युलेटर
- शक्य असेल तर एक सहकारी, तासाभरासाठी

पट्टी विसरू नका. पंचवीस ओळींच्या पानावर डोळा एक ओळ वर-खाली सरकतोच. पट्टी ओळीखाली धरून वाचायला लागले तेव्हापासून निदान एकाचं आणि वय दुसऱ्याचं, ही चूक बंद झाली.

१. रजिस्टर उघडण्याआधी फॉर्म वाचा

फॉर्ममध्ये तीन गोष्टी शोधा. पहिली, कालावधी. महिना म्हणजे एक तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत, की मधल्या कुठल्या तारखेपासून? रोग सर्वेक्षणाचा साप्ताहिक अहवाल सोमवार ते रविवार असतो. म्हणून चार आठवड्यांच्या आकड्यांची बेरीज करून तोच महिन्याचा आकडा म्हणून लिहू नका. महिना बुधवारी सुरू झाला, तर पहिल्या आठवड्यातले सोमवार-मंगळवार मागच्या महिन्याचे असतात.

दुसरी, वयोगट. ‘५ वर्षांखालील’ आणि ‘५ वर्षं व त्यावरील’ असे दोनच रकाने असतील, तर सहा गट पाडून मोजण्यात वेळ घालवू नका. पण पाच वर्षं पूर्ण झालेलं मूल दुसऱ्या गटात जातं, हे कागदाच्या डोक्यावर लिहून ठेवा.

तिसरी, आणि सगळ्यांत महत्त्वाची: प्रत्येक रकाना भेटी विचारतो आहे की रुग्ण? ‘ओपीडीत आलेले एकूण’ म्हणजे भेटी. एकच बाई महिन्यात तीनदा आली तर तीन. ‘जुलाबाचे रुग्ण’ म्हणजे आजारी पडण्याचे प्रसंग. तीच बाई त्याच जुलाबासाठी तीनदा आली तरी एक. फॉर्मवर प्रत्येक रकान्याजवळ पेन्सिलने ‘भे’ किंवा ‘रु’ लिहा. जिथे ठरवता येत नाही तिथे तालुक्याला फोन करून विचारा आणि मिळालेलं उत्तर तारखेसह लिहून ठेवा.

२. नवा कोण, जुना कोण

इथे सगळ्यांत जास्त चुका होतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

रजिस्टरमध्ये ‘न’ आणि ‘जु’ असा रकाना असतो. हे काम नव्याने करणारा माणूस तो सरळ मोजतो. पण ती खूण खिडकीवर होते, आणि तिथे पाहिला जातो तो केसपेपर. नवा केसपेपर काढला की ‘न’, जुना दाखवला की ‘जु’. आपल्या अहवालाला हवा असतो नवा आजार. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या दोन्ही बाजूंनी चुकवतात.

दहा वर्षं बीपीच्या गोळ्या घेणाऱ्या आजोबांचा केसपेपर हरवला किंवा त्याची मुदत संपली, की ते ‘न’ होतात. केसपेपर बदलण्याचा काळ असेल त्या महिन्यात रक्तदाबाचे नवे रुग्ण एकदम वाढलेले दिसतात, गावात मात्र काहीच बदललेलं नसतं. उलट, मागच्या आठवड्यात खरजेसाठी आलेला मुलगा आज जुलाब घेऊन तोच केसपेपर दाखवतो आणि ‘जु’ होतो. त्याचा जुलाब नवा आहे, तो मोजलाच पाहिजे.

म्हणून मी खिडकीवरच्या खुणेवर अवलंबून राहत नाही. निदान आणि उपचाराचा रकाना वाचून माझी खूण लाल पेनने समासात करते. नियम असे ठरवले आहेत:

बीपी, मधुमेह, फिट्स, दमा यांसारखे कायमचे आजार ज्या दिवशी पहिल्यांदा निदान झाले त्या दिवशी नवे, नंतर प्रत्येक वेळी जुने. ‘केसीओ’ असं लिहिलेलं असेल तर तो आधीपासूनचा रुग्ण. ‘एफयू’ म्हणजे फेरतपासणी, तोही जुना.

ताप, सर्दी-खोकला, जुलाब यांत आधीचा आजार बरा होऊन पुन्हा झाला असेल तर नवा. तीन दिवसांनी ‘अजून बरं वाटत नाही’ म्हणून आला असेल तर जुना. किती दिवसांचा फरक धरायचा, हे वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारून ठरवा आणि मग दर महिन्याला तेच ठेवा.

जखमा आणि चावे यांत घटना घडल्यानंतरची पहिली भेट नवी. ड्रेसिंग, टाके काढणं आणि पुढचे डोस जुने. रेबीजची लस कातडीत देतात तेव्हा दिवस ०, ३, ७ आणि २८ असे डोस असतात, आणि स्नायूत देतात तेव्हा १४ व्या दिवशीचाही एक असतो. म्हणजे एकाच चाव्याच्या चार-पाच नोंदी होणार, आणि शेवटची बहुतेक वेळा पुढच्या महिन्यात पडणार. माझे ३१ असेच झाले होते. इंजेक्शनच्या रजिस्टरमध्ये डोस क्रमांक लिहिलेला असतो, तिथले फक्त पहिले डोस मोजून ताळा घ्या. पहिला डोस दुसरीकडे घेऊन आलेल्याला मी जुना धरते, कारण तो तिथल्या मोजणीत गेलेला असतो.

३. अक्षरं आणि संक्षेप यांचं पान तयार करा

पहिल्या आठवड्यात एक वही घ्या. समजला नाही असा प्रत्येक संक्षेप तीत उतरवा आणि दुपारी ओपीडी संपली की डॉक्टरांसमोर बसून अर्थ लिहून घ्या. प्रत्येक डॉक्टरची सवय वेगळी असते, त्यामुळे डॉक्टर बदलले की पान नवं.

दोन संक्षेपांपासून जपा. ‘एजीई’ म्हणजे उलट्या-जुलाब, पण घाईत वाचणाऱ्याला तो वयाचा इंग्रजी शब्द वाटतो आणि ओळ निदानाशिवाय पुढे जाते. ‘आरटीआय’ तर तीन गोष्टींसाठी वापरतात: श्वसनमार्गाचा संसर्ग, प्रजननमार्गाचा संसर्ग आणि रस्त्यावरचा अपघात. तीन वर्षांचा मुलगा आणि पुढे खोकल्याचं औषध असेल तर पहिला अर्थ. बत्तीस वर्षांची बाई आणि पुढे ‘अंगावर पांढरं जाणं’ असेल तर दुसरा. टाके आणि धनुर्वाताचं इंजेक्शन असेल तर तिसरा. तरीही शंका राहिली तर ओळ क्रमांक लिहून विचारा.

निदान लिहिलेलं आहे पण संक्षेप दुहेरी आहे, तेव्हा औषध पाहून अर्थ लावणं ठीक. निदानाची जागा कोरी आहे आणि फक्त औषध लिहिलेलं आहे, तेव्हा औषधावरून आजार ठरवू नका. पॅरासिटामॉल तापालाही देतात आणि पाठदुखीलाही. अशा ओळी ‘निदान नाही’ या गटात मोजा. हा गट मोठा झाला तर आकडा डॉक्टरांना दाखवा. मी तो दाखवायला सुरुवात केल्यावर कोऱ्या जागा भरल्या जाऊ लागल्या.

वयाचंही तसंच. ‘३/१२’ म्हणजे तीन महिने आणि ‘८/३६५’ म्हणजे आठ दिवस. नुसता ३ किंवा ८ वाचून पुढे गेलात तर आठ दिवसांचं बाळ पाच वर्षांवरील गटात जाऊन बसतं.

४. एक ओळ, एक काडी

आता टॅलीचा कागद आखा. डावीकडे फॉर्ममधले आजार त्याच क्रमाने, खाली ‘इतर’, ‘निदान नाही’ आणि ‘जुने’ या तीन ओळी. वर वयोगट, आणि प्रत्येकात पुरुष-स्त्री. चार उभ्या काड्या आणि पाचवी त्यांच्यावरून तिरकी, अशी पाचाची जुडी करा.

नियम एकच: रजिस्टरची प्रत्येक ओळ या कागदावर एकदाच येईल. न कमी, न जास्त. हा नियम पाळला तरच शेवटी ताळा लागतो.

मग एका रुग्णाला दोन आजार असतील तर? ‘ताप, केसीओ बीपी’ अशी ओळ घ्या. ती बाई आज तापासाठी आली आहे, म्हणून काडी तापात, नवी. बीपीची भेट फॉर्मला वेगळी हवी असेल तर त्यासाठी दुसरा, छोटा कागद ठेवा आणि तो मुख्य बेरजेत मिसळू नका. दोन्ही आजार आजचेच असतील, उदाहरणार्थ जुलाब आणि खरूज, तर फॉर्ममध्ये ज्याला स्वतंत्र रकाना आहे त्याला काडी. दोघांनाही रकाना असेल तर डॉक्टरांनी आधी लिहिलेल्याला काडी, आणि दुसऱ्याची नोंद छोट्या कागदावर.

सहकारी मिळाला तर त्याने पट्टी धरून वाचायचं, ‘स्त्री, चार वर्षं, जुलाब, नवा’, आणि तुम्ही तेच परत म्हणत काडी मारायची. एकट्याने करायचं असेल तर मोजलेल्या ओळीच्या समासात पेन्सिलने बारीक टिंब द्या. फोन आला, कोणी हाक मारली, तरी परत येऊन नेमकं कुठे होतो ते कळतं.

नावं टॅलीच्या कागदावर उतरवू नका. ओळ क्रमांक पुरतो, आणि हे कागद टेबलावर पडून राहतात.

५. एका पानाचं उदाहरण

एक पान घेऊ. महिन्याचं सव्विसावं, छापील ओळी २५. सातव्या ओळीवर काट मारली आहे आणि तोच क्रमांक खालच्या ओळीत पुन्हा लिहिला आहे. पहिला क्रमांक ६१२, शेवटचा ६३५. ६३५ मधून ६१२ वजा करून एक मिळवा: २४. म्हणजे या पानावरून २४ काड्या यायला हव्यात.

खिडकीवरच्या खुणांनुसार ‘न’ १४ आणि ‘जु’ १०. आता ओळी वाचू. चौदा ‘न’ मध्ये दोघांपुढे ‘केसीओ बीपी, गोळ्या’ आहे. त्यांचा नुसता केसपेपर नवा, ते जुन्यात. दहा ‘जु’ मध्ये तिघांचा आजार आजचा आहे: एक ताप, एक जुलाब, एक खरूज. ते नव्यात. नवे झाले १४ वजा २ अधिक ३, म्हणजे १५. जुने १० वजा ३ अधिक २, म्हणजे ९. दोन्ही मिळून २४.

नव्या पंधरांची वाटणी: सर्दी-खोकला ५, ताप ३, जुलाब २, त्वचेचे आजार २, कुत्रा चावणं १, पाठदुखी १, इतर १. बेरीज १५. जुन्या नऊमध्ये बीपी-मधुमेहाच्या गोळ्या ५, लशीचे पुढचे डोस २, ड्रेसिंग २.

खिडकीची खूण तशीच घेतली असती तर एकूण नव्यांत फक्त एकाचा फरक दिसला असता, १५ ऐवजी १४, आणि कोणालाच शंका आली नसती. पण त्याखाली रक्तदाबाचे दोन खोटे नवे रुग्ण झाले असते आणि जुलाबाचे दोनाऐवजी एकच. फक्त एकूण जुळली म्हणून थांबू नका ते यासाठी.

पान संपलं की ताळ्याच्या कागदावर एक ओळ लिहा: पान क्रमांक, पहिला क्रमांक, शेवटचा क्रमांक, खऱ्या ओळी, नवे, जुने. जुळलं नाही तर त्याच पानावर थांबा. चूक पंचवीस ओळींत सापडते. पूर्ण महिना झाल्यावर शोधायला बसलात तर दिवस जातो. म्हणूनच महिनाअखेरीची वाट पाहू नका. पान भरलं की दुसऱ्या दिवशी मोजा. डॉक्टरांनाही कालचा रुग्ण आठवतो, पंचवीस दिवसांपूर्वीचा नाही.

६. महिन्याचा ताळा

सगळ्या पानांच्या खऱ्या ओळींची बेरीज आणि रजिस्टरमधला शेवटचा मासिक क्रमांक समोरासमोर ठेवा. वरच्याच उदाहरणात ४३ पानांची बेरीज १०४८ आली आणि रजिस्टरचा शेवटचा क्रमांक मात्र ११४८.

फरक किती आहे यावरून चूक कुठे शोधायची ते कळतं. नेमका १० किंवा १०० असेल तर क्रमांक लिहिताना उडी पडली आहे, आणि ती बहुतेक पान उलटताना पडते. इथे सत्ताविसावं पान ६५९ वर संपलं होतं आणि अठ्ठाविसावं ७६० पासून सुरू झालं होतं. ते शंभर रुग्ण आलेच नव्हते, खरा आकडा १०४८. फरक एक-दोनचा असेल तर दुबार दिलेला क्रमांक किंवा काट मारलेली ओळ पाहा. पंचवीसच्या आसपास असेल तर दोन पानं एकदम उलटली गेली आहेत. आणि फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर बेरजेत एखादा आकडा उलटा लिहिला आहे का ते आधी बघा, ६४ च्या जागी ४६ असा.

रजिस्टरमधली चूक खोडून दुरुस्त करू नका. बाजूला योग्य क्रमांक लिहा, तारीख घाला, आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांची सही घ्या.

७. संशयित आणि खात्रीचे

‘डेंग्यू’ शब्दाआधी प्रश्नचिन्ह असेल तर तो संशयित. रोग सर्वेक्षणात हा फरक फॉर्ममध्येच केलेला आहे: एस म्हणजे आरोग्य कर्मचाऱ्याने लक्षणांवरून नोंदवलेले, पी म्हणजे डॉक्टरांनी तपासून ठरवलेले संभाव्य, आणि एल म्हणजे प्रयोगशाळेत खात्री झालेले. तुमच्या मासिक फॉर्ममध्ये कुठला आकडा मागितला आहे ते पाहून भरा, आणि तिघांची बेरीज कधीही करू नका. तोच माणूस तिन्हीकडे असू शकतो.

हिवतापाचा आकडा ओपीडीतून काढू नका. थंडी वाजून ताप आला आणि रक्त घेतलं, एवढंच ओपीडीत कळतं. रक्ताची काच किंवा किट पॉझिटिव्ह आलं का, ते लॅबच्या रजिस्टरमध्ये असतं. त्या रुग्णाची ओपीडीतली काडी तापात राहू द्या आणि हिवतापाच्या रकान्यात लॅबचा आकडा लिहा.

मोजता मोजता काही नोंदी अशा सापडतील की ज्यांनी महिनाअखेरीपर्यंत थांबायचं नसतं: पंधरा वर्षांखालच्या मुलाला अचानक आलेला लुळेपणा, गोवरासारखा पुरळ आणि ताप, एकाच वस्तीतून दोन-तीन दिवसांत आलेले जुलाबाचे बरेच रुग्ण. काडी बाजूला ठेवा, रजिस्टर उचला आणि डॉक्टरांकडे जा. त्यांना आधीच माहीत असेल तर दोन मिनिटं गेली, एवढंच. यासाठी गावाचा रकानाही वाचत चला, फॉर्ममध्ये तो विचारलेला नसला तरी.

८. संगणकावर करत असाल तर

एक्सेलमध्ये ओळ-ओळ भरली तर काड्यांचं काम सूत्र करतं. D रकान्यात आजार, E मध्ये न किंवा जु, F मध्ये वय असेल तर पाच वर्षांखालील नवे जुलाब असे मिळतात:

```
=COUNTIFS(D:D,"जुलाब",E:E,"न",F:F,"<5")
```

पण वय ‘3/12’ असं टाइप केलं की एक्सेल त्याची तारीख करतं. आत तो आकडा चाळीस हजारांच्या वरचा असतो, त्यामुळे तीन महिन्यांचं बाळ गुपचूप मोठ्यांत मोजलं जातं. एक वर्षाखालच्या सगळ्यांना ० भरा. वय रिकामं सोडलं तर ती ओळ दोन्ही वयोगटांतून गळते, म्हणून दोन्ही गटांची बेरीज एकूण ओळींशी ताडून पाहा. आजार हाताने टाइप न करता यादीतून निवडण्याची सोय करा; ‘जुलाब’ आणि ‘जुलाब लागणे’ हे एक्सेलसाठी दोन वेगळे आजार आहेत.

९. पाठवण्याआधी

मागच्या महिन्याचा अहवाल शेजारी ठेवून एकेक ओळ वाचा. एखादा आकडा दुप्पट झाला किंवा निम्म्यावर आला तर परत त्या पानांवर जा. मोजणी बरोबर निघाली तर आकडा तसाच ठेवा आणि कारण माहीत असेल तर शेऱ्यात लिहा, जसं ‘डॉक्टर आठ दिवस प्रशिक्षणाला होते’. मागच्या महिन्याशी जुळावा म्हणून आकडा हलवू नका.

एकही रुग्ण नसेल तिथे शून्य लिहा, जागा कोरी सोडू नका. शून्य म्हणजे पाहिलं आणि कोणी नव्हतं. कोरी जागा म्हणजे पाहिलं की नाही तेच कळत नाही, आणि तालुक्यावर बेरीज करणाऱ्याला फोन करावा लागतो.

सही झाली की टॅलीचे कागद, ताळ्याचा कागद आणि अहवालाची प्रत एकत्र टाचून महिन्याच्या नावाने फाइलला लावा. मला पहिल्या महिन्यात फोन आला तेव्हा माझ्याकडे असं काहीच नव्हतं, आणि सगळं रजिस्टर पुन्हा पहिल्या पानापासून मोजावं लागलं.